मॅमोग्राम नॉर्मल आला, मग 'डेन्स'चं पत्र कशाला?

मी न्यू जर्सीत राहते, वय 46. मार्चमध्ये नेहमीचा मॅमोग्राम केला आणि आठवड्याने पत्र आलं, रिझल्ट नॉर्मल, पण खाली लिहिलेलं की तुमचं ब्रेस्ट टिश्यू डेन्स आहे, त्यामुळे कॅन्सर दिसणं अवघड जातं आणि धोकाही वाढतो, डॉक्टरांशी बोला. माझ्या पोटात गोळाच आला, रात्रभर झोप नाही.

सकाळी पुण्याला ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं माझ्या रिपोर्टमध्ये पण टाइप सी लिहिलंय, माझी तर सोनोग्राफी त्याच दिवशी करून टाकली." तेव्हा जरा धीर आला.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. डेन्सिटीचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार, ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे खूपच दाट, आणि सी-डी असेल तर डेन्स म्हणतात. चाळिशीच्या पुढच्या जवळपास निम्म्या बायका त्यात येतात, म्हणजे हा आजार नाहीच. हाताला लागून कळत नाही, फक्त मॅमोग्रामवर दिसतं. चरबी काळी दिसते, दाट टिश्यू पांढरं, आणि गाठही पांढरीच, म्हणून पांढऱ्यात पांढरं लपतं. आणि पत्र मलाच एकटीला नाही आलं, सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेत प्रत्येक मॅमोग्रामनंतर डेन्स आहे की नाही हे कळवावंच लागतं. काहीतरी संशयास्पद दिसलं म्हणून परत बोलावतात ते वेगळं, हे वेगळं, आणि माझा नेमका इथेच गोंधळ झाला होता.

मी सी. डॉक्टरांनी आधी घरात कोणाला झालाय का विचारलं. माझ्या मावशीला झाला होता, म्हणून अल्ट्रासाउंड करू म्हणाल्या. पण सरसकट सगळ्यांनी करावाच असं नाही, कारण त्यात काही जास्तीचे कॅन्सर सापडतात तशा निरुपद्रवी गोष्टीही भरपूर दिसतात आणि मग उगाच बायोप्सी होते, हे त्यांनी आधीच सांगितलं ते मला फार बरं वाटलं. मॅमोग्राम मात्र सोडायचा नाही, कारण कॅल्शियमचे बारीक ठिपके त्यातच चांगले दिसतात.

बुक करायच्या आधी इन्शुरन्सला फोन करून टेस्टचा कोड विचारून घ्या हं, मॅमोग्राम फुकट असला तरी अल्ट्रासाउंड डिडक्टिबलमध्ये, म्हणजे आधी आपल्याच खिशातून भरायच्या रकमेत, जाऊ शकतो.

टेस्टला अर्धा तास लागला, हात डोक्यावर, गार जेल, दाबणं नाही, रेडिएशन नाही. उजवीकडे 8 मिलिमीटरचं काहीतरी दिसलं आणि टेक्निशियन तिथेच बराच वेळ थांबली, तेव्हा माझा श्वासच अडकला. रिपोर्टमध्ये साधी सिस्ट निघाली, आत नुसतं पाणी, बायरॅड्स 2, म्हणजे रिपोर्टच्या ग्रेडप्रमाणे निरुपद्रवी, काही करायची गरज नाही. पुढचा मॅमोग्राम आता मार्चमध्ये, दुसऱ्या सेंटरला जायचंय म्हणून जुन्या इमेजेसची सीडी मागून ठेवलीय, नाहीतर तीच सिस्ट त्यांना नवीन वाटायची.