जर्मनीत कंपनीची गाडी, घर आणि जेवण: पगारपत्रकातील अधिकची रक्कम कशी ठरते

जर्मनीत नोकरी स्वीकारणाऱ्या आपल्याकडील अनेकांना नियुक्तिपत्रात कंपनीची गाडी, सवलतीच्या भाड्याचे घर आणि उपाहारगृहातील स्वस्त जेवण यांचा उल्लेख दिसतो, आणि या सोयी पगाराव्यतिरिक्त फुकट मिळणार असा त्यांचा समज होतो. मी येथे पगारपत्रकांच्या हिशेबाचे काम करते, त्यामुळे पहिल्या महिन्याचे पगारपत्रक हातात आल्यावर विचारला जाणारा प्रश्न माझ्या चांगला परिचयाचा आहे: ढोबळ पगारात ही अधिकची रक्कम कोठून आली, आणि तीच रक्कम खाली पुन्हा वजा का झाली?

याचे उत्तर असे की, मालकाने कर्मचाऱ्याला वस्तुरूपाने दिलेला लाभ हा येथील आयकर कायद्याच्या दृष्टीने पगारच असतो. म्हणून त्या लाभाचे युरोंमधील मूल्य आधी ढोबळ पगारात मिळवतात, त्या वाढीव रकमेवर आयकर आणि सामाजिक विम्याचे हप्ते काढतात, आणि मग लाभाचे मूल्य निव्वळ रकमेतून वजा करतात, कारण तो लाभ कर्मचाऱ्याला गाडीच्या किंवा घराच्या रूपाने आधीच मिळालेला असतो. म्हणजे खालची वजाबाकी हा दंड नव्हे. खरा खर्च वाढलेल्या कराचा आणि हप्त्यांचा असतो. मात्र ते मूल्य कसे ठरवायचे, याचे नियम गाडी, घर आणि जेवण यांसाठी पूर्णपणे वेगवेगळे आहेत, आणि माझ्या मते लोकांचे सर्वाधिक पैसे जातात ते गाडीच्या बाबतीत.

गाडी खासगी कामासाठीही वापरण्याची मुभा असेल, तर तिच्या मूळ छापील किमतीच्या १ टक्का रक्कम दरमहा लाभ म्हणून धरली जाते. ही किंमत म्हणजे गाडीची पहिली नोंदणी झाली त्या वेळची, मूल्यवर्धित करासह आणि कारखान्यातून बसवून आलेल्या सर्व अतिरिक्त सोयींसह असलेली देशांतर्गत किंमत, शंभराच्या पटीत खाली आणलेली. कंपनीने गाडी मोठ्या सवलतीत घेतली किंवा चार वर्षे जुनी विकत घेतली, तरी या आकड्यात काहीही फरक पडत नाही. जुनी गाडी मिळाली म्हणून कर कमी लागेल, ही अपेक्षा येथे सपशेल चुकते.

यावर घर ते कार्यालय या प्रवासाची भर पडते. एका बाजूच्या अंतराच्या प्रत्येक किलोमीटरमागे छापील किमतीच्या ०.०३ टक्के रक्कम दरमहा वेगळी धरली जाते. समजा, गाडीची छापील किंमत ४२,३५० युरो आहे आणि कार्यालय २२ किलोमीटरवर आहे. हिशेबासाठी किंमत ४२,३०० युरो धरली जाईल. खासगी वापराचे ४२३ युरो आणि कार्यालयाच्या प्रवासाचे २७९.१८ युरो, असे मिळून दरमहा ७०२.१८ युरो ढोबळ पगारात मिळवले जातील. ४,८०० युरो पगार असलेल्या अविवाहित कर्मचाऱ्याच्या बाबतीत या अधिकच्या रकमेचा निम्म्याच्या आसपासचा भाग कर आणि हप्ते यांत जातो, म्हणजे इंधन, विमा आणि दुरुस्तीसह ही गाडी त्याला महिन्याला साडेतीनशे युरोंच्या आसपास पडते. वरवर पाहता हा सौदा वाईट नाही. पण ज्याची गाडी आठवडाभर घरासमोर उभी असते, त्याच्यासाठी तो महाग आहे.

०.०३ टक्क्यांचा हा दर महिन्याला १५ दिवस कार्यालयात जाणे होते असे गृहीत धरून ठरवलेला आहे. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यापासून हे गृहीतक अनेकांना लागू पडत नाही, आणि त्यासाठी दुसरा मार्ग उपलब्ध आहे: प्रत्यक्ष गेलेल्या प्रत्येक दिवसासाठी, अंतराच्या प्रत्येक किलोमीटरमागे छापील किमतीच्या ०.००२ टक्के. वरील उदाहरणातील कर्मचारी महिन्यातून आठच दिवस कार्यालयात जात असेल, तर २७९.१८ ऐवजी १४८.९० युरो धरले जातील. कर्मचाऱ्याने मागणी केली, तर अन्यथा काही ठरलेले नसल्यास मालकाने ही पद्धत वापरणे २०१९ पासून बंधनकारक आहे. मात्र कर्मचाऱ्याने दर महिन्याला कोणकोणत्या तारखांना गाडीने कार्यालयात गेलो हे लेखी कळवावे लागते. ‘आठ दिवस’ एवढेच लिहून चालत नाही. पद्धत वर्षाच्या मध्येच बदलता येत नाही, आणि वर्षभरात १८० पेक्षा अधिक दिवस धरले जात नाहीत.

येथे एक बारकावा आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. मालकाने ०.०३ टक्केच धरले असतील, तर कर्मचारी स्वतःच्या वार्षिक विवरणपत्रात तारखांची यादी देऊन फरकाचा आयकर परत मिळवू शकतो. परंतु त्या रकमेवर गेलेले सामाजिक विम्याचे हप्ते या मार्गाने परत येत नाहीत. म्हणूनच ही मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच पगार विभागाकडे केलेली बरी.

तिसरा मार्ग ‘फारटेनबुख’चा, म्हणजे प्रवासाच्या नोंदवहीचा. यात गाडीचा वर्षभराचा संपूर्ण खर्च, घसारा धरून, एकूण किलोमीटरवर विभागला जातो आणि खासगी किलोमीटरपुरताच लाभ मोजला जातो. वरील उदाहरणातील गाडीचा वर्षाचा खर्च ९,००० युरो आणि धाव २०,००० किलोमीटर असेल, तर दर किलोमीटरला ४५ सेंट पडतात. खासगी प्रवास ३,००० आणि कार्यालयाचे येणे-जाणे ४,४०० किलोमीटर असेल, तर वर्षाचा लाभ ३,३३० युरो होतो. १ टक्क्याच्या पद्धतीने हाच आकडा ८,४२६ युरोंच्या वर जातो. फरक मोठा आहे, पण तो मिळवणे सोपे नाही. प्रत्येक व्यावसायिक प्रवासाची तारीख, सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, ठिकाण, कारण आणि ज्यांना भेटलो त्यांचे नाव हे त्या-त्या वेळी आणि नंतर बदलता येणार नाही अशा स्वरूपात लिहावे लागते. संगणकावरील साध्या तक्त्यातील नोंदी कोणत्याही क्षणी बदलता येतात, म्हणून कर कार्यालय त्या मान्य करत नाही. वही फेटाळली गेली की संपूर्ण काळासाठी १ टक्क्याचा हिशेब मागील तारखेपासून लागू होतो. पेट्रोल भरल्याच्या पावतीवरील दिवस आणि वहीतील गाडीचे ठिकाण जुळत नसणे, हे फेटाळले जाण्याचे नेहमीचे कारण असते.

‘गाडी मी खासगी कामासाठी वापरतच नाही’ असे सांगून सुटका होत नाही, कारण सर्वोच्च कर न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की खासगी वापराची मुभा दिलेली असणे एवढेच पुरेसे आहे. प्रत्यक्ष वापर झाला की नाही हा प्रश्न उरत नाही. उलट, कर्मचारी कंपनीला वापरासाठी दरमहा काही रक्कम देत असेल, तर ती लाभाच्या मूल्यातून वजा होते. विजेवर चालणाऱ्या गाडीला तर मोठीच सूट आहे: ठरलेल्या किमतीच्या मर्यादेपर्यंत छापील किमतीचा चौथा भागच हिशेबात धरला जातो. १ जुलै २०२५ पासून घेतलेल्या गाड्यांसाठी ही मर्यादा १,००,००० युरो आहे. ४२,३५० युरोंची तीच गाडी विजेची असती, तर आधार १०,५०० युरो आणि महिन्याचा एकूण लाभ अवघा १७४.३० युरो झाला असता. कंपन्यांच्या वाहनतळांवर चार्जिंगच्या खांबांची रांग दिसते, तिचे एक कारण पर्यावरणाबरोबरच हा हिशेबही आहे.

जेवणाचा हिशेब मात्र सुटसुटीत आहे. कंपनीच्या उपाहारगृहातील ताटाला प्रत्यक्षात किती खर्च येतो हे कोणी विचारत नाही. सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करते, आणि २०२५ साठी दुपारच्या जेवणाचा तो आकडा ४.४० युरो होता. कर्मचाऱ्याने तेवढे पैसे भरले तर लाभ शून्य. त्याने ३ युरो दिले तर १.४० युरो करपात्र होतात, आणि त्यावर बहुतेक मालक स्वतःच २५ टक्क्यांचा सरसकट कर भरून टाकतात. मग सामाजिक विम्याचे हप्तेही लागत नाहीत आणि कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात काही दिसत नाही.

घराच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की मिळालेली जागा कायद्याच्या दृष्टीने घर आहे की निवासाची खोली. पाण्याची आणि सांडपाण्याची सोय, स्वयंपाक करता येईल अशी निदान छोटी जागा आणि स्वतंत्र शौचालय असेल, तर ते घर. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय इतरांबरोबर वापरावे लागत असेल, तर ती खोली. खोलीसाठी सरकारी आकडा आहे, २०२५ मध्ये महिन्याला २८२ युरो, आणि तो म्युनिकसारख्या महागड्या शहरातही सहसा तोच राहतो. घरासाठी मात्र त्या भागातील प्रचलित भाडे धरावे लागते, आणि ते अनेक शहरांत प्रसिद्ध होणाऱ्या ‘मीटश्पीगेल’ या भाडेतक्त्यावरून काढतात. तक्त्यात कमी-अधिक भाड्याचा पट्टा दिलेला असेल, तर त्यातील खालचा आकडा घेण्याची मुभा आहे.

२०२० पासून प्रचलित भाड्यातून एक तृतीयांश भाग सोडून दिला जातो. साठ चौरस मीटरच्या घराचे प्रचलित भाडे ८४० युरो आणि भाडेकरूवर टाकता येणारे इतर खर्च १६० युरो असतील, तर १,००० युरोंच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६६६.६७ युरो एवढेच मूल्य उरते. कर्मचारी कंपनीला ७०० युरो भाडे देत असेल, तर करपात्र काहीच नाही. ५०० देत असेल, तर १६६.६७ युरो, घर पूर्ण फुकट असेल, तर सगळे ६६६.६७. अट एवढीच की इतर खर्च वगळता भाडे दर चौरस मीटरला २५ युरोंपेक्षा अधिक नसावे, अन्यथा ही सूट पूर्णपणे जाते. शहराच्या मध्यभागातील चोवीस चौरस मीटरच्या घराचे भाडे ६५० युरो असेल, तर दर २७ युरोंच्या वर जातो आणि संपूर्ण प्रचलित भाडे करपात्र होते. भाडेतत्त्वावरील छोट्या घरांत नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यांना ठेवणाऱ्या कंपन्यांना या ओळीवरच अडखळताना मी पाहिले आहे.

भाडेकरार कोणाच्या नावावर आहे, यावरही बरेच अवलंबून असते. कंपनीने घरमालकाकडून स्वतःच्या नावाने घर घेऊन कर्मचाऱ्याला राहायला दिले, तर एक तृतीयांशाची सूट लागू होते. करार कर्मचाऱ्याच्या नावावर असून कंपनी फक्त भाड्याची रक्कम भरत असेल, तर कायद्याला तो वस्तुरूप लाभ दिसत नाही. ती रक्कम रोख पगार ठरते आणि संपूर्ण करपात्र होते. नियुक्तिपत्रात नुसते ‘भाडे कंपनी देईल’ असे लिहिले असेल, तर सही करण्यापूर्वी करार कोण करणार आहे हे विचारून घ्यावे.