झोपलेली प्रोसेस आणि शंभर टक्के

सोमवारी सव्वाअकराला सपोर्टमधून फोन आला. कुरिअरच्या एका मोठ्या ग्राहकाने सकाळी पाठवलेल्या ऑर्डरींच्या फायली आमच्या सर्व्हिसने उघडल्याच नव्हत्या आणि गोडाऊनमध्ये लेबलं छापायची थांबली होती. मी मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवंगार. सीपीयू सात टक्के, मेमरी निम्मी रिकामी, हेल्थ चेक पास. आमचा अलार्म ऐंशी टक्क्यांवर वाजतो, त्यामुळे तो बिचारा वाजण्याचा प्रश्नच नव्हता.

मशीन सोळा कोअरचं आहे. हे वाक्य मी त्या क्षणी मनात म्हटलं असतं, तर पुढची दहा मिनिटं वाचली असती. सोळातला एक कोअर पूर्ण भरला तर सरासरी होते सव्वासहा टक्के. वर इकडचं-तिकडचं किरकोळ काम धरा, झाले सात. पण सात हा आकडा बघून कोणालाही वाटतं की मशीन निवांत आहे. मलाही तसंच वाटलं. मी डेटाबेसमध्ये कुठे लॉक अडकलाय का ते शोधत बसलो. तिथे काहीच नव्हतं.

शेजारी बसणारी ज्युनिअर तोवर सर्व्हरवर शिरून `htop` चालवून बसली होती, म्हणजे प्रत्येक कोअर आणि प्रोसेस काय करतेय ते दाखवणारा प्रोग्रॅम. ती म्हणाली, "सर, हे बघा ना, एक बार फुल आहे. पण तो उड्या मारतोय."

खरंच मारत होता. वरच्या सोळा पट्ट्यांपैकी पाचवी टोकापर्यंत भरलेली, बाकीच्या जेमतेम दोन-तीन टक्क्यांवर. थोड्या वेळाने पाचवी रिकामी आणि अकरावी भरलेली. तिला वाटलं होतं की निरनिराळी कामं येताहेत आणि संपताहेत. तसं नव्हतं. कर्नलचा शेड्यूलर एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोसेसमधल्या कामाच्या एका धाग्याला, अधूनमधून एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवतो. ओळखायची खूण अशी, की पट्टी कुठलीही असो, पूर्ण भरलेली कायम एकच असते. दोन कधी नाहीत, शून्य कधी नाही. वर लोड ॲव्हरेजचे, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत त्याचे, तिन्ही आकडे एकच्या आसपास होते, म्हणजे पंधरा मिनिटांची सरासरीसुद्धा तेच सांगत होती.

दुसरी गोष्ट रंगाची. पट्टी जवळजवळ सगळी हिरवी होती, लाल नावालाच. हिरवा म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड चाललाय, लाल म्हणजे कर्नलमध्ये वेळ जातोय. फायली वाचणं किंवा नेटवर्कची देवाणघेवाण हेच मुख्य काम असतं, तर लाल बराच दिसला असता. सर्व्हिस जावाची असल्यामुळे माझ्या मनात मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा संशय होताच. पण आमच्याकडे पॅरलल कलेक्टर आहे. तो बेफाम झाला की एक नाही, बऱ्याच पट्ट्या एकदम वर जातात.

आता गंमत. खाली यादीत आमची जावाची प्रोसेस पहिल्याच नंबरवर, सीपीयू शंभर टक्के, म्हणजे इथे एक पूर्ण कोअर, आणि तिच्या `S` या रकान्यात अक्षर होतं S. म्हणजे स्लीपिंग.

"झोपलीये तर शंभर टक्के कशी खाईल?" ज्युनिअरचा प्रश्न रास्त होता. त्या ओळीतलं स्थितीचं अक्षर फक्त मुख्य थ्रेडचं असतं आणि टक्केवारी मात्र सगळ्या थ्रेडची मिळून. जावाचा मुख्य थ्रेड बाकीच्यांना जन्म देऊन वाट बघत झोपलेला असतो. खाणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि तो दिसत नव्हता, कारण ज्युनिअरच्या `htop` च्या सेटिंगमध्ये थ्रेड लपवलेले होते. तिला मोठं `H` दाबायला सांगितलं आणि मग मोठं `P`, म्हणजे यादी सीपीयूप्रमाणे लागते. थ्रेडची नावं दिसावीत म्हणून `F2` च्या सेटअपमध्ये Show custom thread names चालू केलं.

```
  PID S CPU%   TIME+  Command
21802 S 99.8 3h11:40  java -jar ...
21847 R 99.8 2h02:16  csv-import-1
```

या दोन ओळी पाहून दोनशे टक्के अशी बेरीज करू नका. वरच्या ओळीत खालची आलेलीच आहे.

अक्षर R आहे हे सर्वांत महत्त्वाचं. थ्रेड डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबला असता तर S दिसलं असतं, डिस्कसाठी अडला असता तर D. दर वेळी R आणि जवळपास शंभर टक्के, म्हणजे तो कोणाची वाट बघत नाहीये, स्वतःच काहीतरी दळत बसलाय. माझी डेटाबेसची शोधाशोध तिथेच बाद झाली.

आणि `TIME+`. या थ्रेडने जन्मापासून खाल्लेला सीपीयूचा वेळ दोन तास दोन मिनिटं. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. थ्रेड अखंड दळत असेल तर सुरुवात साधारण नऊ तेवीसला झाली असणार. त्याआधीच्या किरकोळ कामाचे काही सेकंद त्यात धरलेले असतात, तेवढी चूक चालते. इम्पोर्टच्या लॉगमधली शेवटची ओळ नऊ बावीसची होती. ऑर्डरींचा क्रम बिघडू नये म्हणून इम्पोर्टला आम्ही एकच थ्रेड दिला आहे, त्यामुळे मागच्या सगळ्या फायली रांगेत उभ्या होत्या. वेब विनंत्या दुसऱ्या थ्रेडवर चालतात, म्हणून हेल्थ चेक हसतमुख.

तो दळतोय काय, हे `htop` सांगत नाही. त्याचं काम इथे संपलं. आमची जावा आठवी आवृत्ती, तिच्या थ्रेड डंपमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोडमध्ये कुठे आहे त्या यादीत, थ्रेडचा आकडा `nid` म्हणून सोळाच्या पायात छापला जातो, म्हणून आकडा बदलून घेतला.

```
printf '%x\n' 21847     # 5557
jstack 21802 | sed -n '/nid=0x5557 /,/^$/p'
```

सर्व्हिस कंटेनरमध्ये असती तर हे जुळलं नसतं, कारण आतले आकडे वेगळे असतात. तेव्हा `/proc/21847/status` मधली `NSpid` ही ओळ बघावी लागते.

पाच-पाच सेकंदांनी तीन डंप घेतले. तिन्हींत वरच्या ओळी `java.util.regex.Pattern$Loop.match` आणि तिचीच भावंडं, तळाशी आमचा पत्ता तपासणारा वर्ग. त्यातला रेजेक्स, म्हणजे मजकूर ज्याच्याशी जुळवून बघायचा तो साचा, असा:

```
^([A-Za-z0-9]+[ ,]*)*$
```

आत `+`, बाहेर `*`. फायलीत अडकलेला पत्ता साधारण या धाटणीचा होता: SHOP 4 GROUND FLOOR COMMERCIAL BUILDING NEAR OLD BUS STAND KALYAN (EAST). कंसापर्यंत सगळं जुळतं, कंस चालत नाही. मग इंजिन मागे येतं आणि तीच अक्षरं वेगळ्या गटांत तोडून पुन्हा बघतं. चार अक्षरांचा शब्द आठ तऱ्हांनी तुटतो, दहा अक्षरांचा पाचशे बारा तऱ्हांनी, आणि सगळ्या शब्दांचा गुणाकार होतो. या पत्त्याचा गुणाकार दोनाचा चव्वेचाळीसावा घात, सुमारे साडेसतरा लाख कोटी. सेकंदाला एक कोटी प्रयत्न धरले तरी वीस दिवस. कंस पत्त्याच्या सुरुवातीला असता, तर क्षणात नकार मिळाला असता. म्हणूनच हा कोड इतकी वर्षं गुण्यागोविंदाने चालला होता.

जावात एकटा थ्रेड बाहेरून सुरक्षितपणे मारता येत नाही. ती फाईल बाजूला काढली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. रांगेतल्या फायली सरकल्या. संध्याकाळी रेजेक्स `^[A-Za-z0-9 ,()]*$` असा सपाट केला आणि बाजूला ठेवलेली फाईल परत टाकली. आम्ही दोघंही `htop` कडे बघत होतो. एक पट्टी जराशी वर आली आणि लगेच खाली गेली.

"झालं?" तिने विचारलं.

गोडाऊनमधून लेबलं निघू लागल्याचा फोन येईपर्यंत मी काही बोललो नाही. दरम्यान तिने स्वतःच्या सेटिंगमध्ये थ्रेड कायमचे दिसते ठेवले होते.