डब्यातली चिठ्ठी

मुलगा पाचवीत होता तेव्हाची गोष्ट. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या दिवशी त्याच्या डब्यात चिठ्ठी ठेवायचं ठरवलं आणि सकाळी सहा वाजता ओट्याशी उभी राहून लिहिलंही, 'प्रयत्नांती परमेश्वर'. पोळ्या लाटता लाटता लक्षात आलं, हा डबा उघडणार कधी? पहिला पेपर अकरा ते साडेबारा, भाषा आणि गणित, 75 प्रश्न. दुसरा दोन वाजता. म्हणजे चिठ्ठी हातात पडेल तेव्हा निम्मी परीक्षा उरकलेली. तोवर प्रयत्न करून झालेले, आणि परमेश्वराची वाट बघायला दीड तास मोकळा!

'थेंबे थेंबे तळे साचे' तर त्याहून वाईट. ते जूनमध्ये सांगायचं, फेब्रुवारीत सांगितलं की टोमणा होतो.

त्या मधल्या सुट्टीत काय होतं ते आठवून बघितलं. सगळी पोरं उत्तरं ताडून बघतात. "अठराव्याचं तुझं काय आलं?" आणि एकाचं वेगळं निघालं की त्याचा घास घशात अडकतो. उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचा तो बॉलपेननं, त्यामुळे खोडून बदलायची सोय पेपर चालू असतानाही नसते, मग बाहेर आल्यावर कुठली? तेव्हा नवी चिठ्ठी लिहिली, 'झालं गेलं गंगेला मिळालं.'

आता खाली मायेची ओळ. 'माझ्या सोनुल्या' लिहून खोडलं. डबा चौघांच्या घोळक्यात उघडतो, शेजारच्यानं मोठ्यानं वाचलं तर महिनाभर वर्गात सोनुल्याच व्हायचा. 'भरपूर मार्क मिळव'ही नको, ती माया नव्हे, मागणी. परीक्षेचं केंद्र परक्या शाळेत, पालकांना आत सोडत नव्हते. अशा ठिकाणी दहा वर्षांच्या मुलाला काय वाचायला आवडेल? शेवटी लिहिलं, 'साडेतीनला गेटपाशी, चिंचेखाली उभी आहे. येताना तुझ्यासाठी बर्फाचा गोळा. आई.'

जेलपेन वाफेनं पसरतं, म्हणून बॉलपेन. गरम पोळ्यांवर ठेवला की कागद तेल पितो आणि पलीकडची अक्षरं अलीकडे येतात, म्हणून चिठ्ठी डब्याबाहेर, नॅपकिनच्या घडीत. वर्गात नेऊ नकोस एवढं मात्र बजावलं नव्हतं, कारण मग चिठ्ठी आहे हेच कळलं असतं. दुपारभर तीच धाकधूक, खिशात घालून आत बसला आणि पर्यवेक्षकांना सापडली तर? परीक्षेत चिठ्ठीला एकच अर्थ असतो.

साडेतीनला आला. गोळा खाल्ला, कालाखट्टा. चिठ्ठीचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

रात्री डबा घासायला काढला तेव्हा नॅपकिनमधून तीच चिठ्ठी पडली. 'गंगेला' शब्दावर काट मारून त्यानं त्याच काळ्या बॉलपेननं वर लिहिलं होतं, 'मुठेला'. खाली कंसात, 'जवळ पडते'.