तुम्ही विचारलंत म्हणून: अभ्यासिकेतली सीट सोडण्याचा मेसेज

"परीक्षेआधी गावी जायचंय. अभ्यासिकेच्या सरांना सीट सोडतोय असा मेसेज कसा टाकू? डिपॉझिट अडकायला नको."

आधी पहिल्या पावतीवरची तारीख बघा. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत बऱ्याच अभ्यासिकांचा महिना एक तारखेला नाही, तुम्ही आत आलात त्या तारखेला सुरू होतो. समजा तुम्ही १२ तारखेला प्रवेश घेतला आणि परीक्षा २४ मे रोजी आहे. तुमचा महिना ११ मे रोजी संपतो. सोडण्याआधी ८ दिवस कळवण्याची अट असेल, तर मेसेज ३ मेपर्यंत जायला हवा. १३ तारखेला कळवलंत तर नवा महिना लागलेला असतो, आणि तेवढी फी डिपॉझिटमधून कापून घेतली तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

दुसरी चूक शब्दांची. "परीक्षा आहे, उद्यापासून येणार नाही" हे वाचून सर सुट्टी समजतात. सीट तुमच्याच नावावर राहते, फी चढत जाते. म्हणून "सीट सोडत आहे" हे शब्द मेसेजमध्ये हवेतच. कारण लिहा किंवा लिहू नका, त्याने काही अडत नाही.

"नमस्कार सर. मी सीट क्र. ४७, फुल डे. माझा महिना ११ मे रोजी संपतो. त्यानंतर सीट चालू ठेवायची नाही, सीट सोडत आहे. ११ मे रोजी संध्याकाळी ७ वाजता लॉकर क्र. १२ रिकामा करून किल्ली आणि ओळखपत्र जमा करतो. डिपॉझिट ५०० रुपये याच नंबरवर पाठवावेत. मेसेज मिळाल्याचं कळवा."

खाली तुमचं पूर्ण नाव, पावतीवर आहे तसंच. डिपॉझिट वडिलांच्या फोनवरून भरलं असेल तर तेही लिहा, नाहीतर सरांना तुमच्या नावाची नोंदच सापडत नाही. मेसेज अभ्यासिकेच्या ग्रुपवर नको, तिथे तो शंभर मेसेजांखाली जातो. काउंटरवरच्या मुलाला तोंडी सांगणंही पुरेसं नाही. हिशेब ज्यांच्याकडे आहे त्यांनाच पाठवा. निळ्या टिक म्हणजे होकार नव्हे. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, आणि बोलणं झालं की "आत्ता ठरल्याप्रमाणे ११ मेपर्यंत" अशी एक ओळ टाकून ठेवा.

लॉकर रिकामा केल्यावर आतला फोटो काढा. किल्ली देताना पावतीवर "किल्ली मिळाली" असं लिहून सही घ्या. डिपॉझिट अडवून ठेवायला हरवलेली किल्ली हेच सगळ्यात सोपं कारण असतं.

आणि २४ तारखेपर्यंत बसायचंच असेल, तर याच मेसेजमध्ये १२ ते २४ मेसाठी अर्ध्या महिन्याची फी चालेल का, ते विचारा. काही ठिकाणी चालते. पण होकार लेखी येईपर्यंत ११ तारीखच धरून चाला.