बाहेर पडायचं कलम आम्ही आधी लिहिलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भागीदारीत लेथचं वर्कशॉप टाकायचं ठरलं तेव्हा मित्राने आणि मी चहाच्या टपरीवर एका कागदावर सगळं लिहून काढलं होतं. माझे ६ लाख, त्याचे २ लाख, नफा निम्मा-निम्मा. दोन जुने लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन ५ लाखांत मिळणार होतं, उरलेले ३ लाख जागेची अनामत, टूल्स आणि पहिल्या दोन महिन्यांच्या पगारांना. तो कागद घेऊन सीएकडे गेलो. त्यांनी वाचला आणि एकच विचारलं, "तीन वर्षांनी याला बाहेर पडायचं असेल, तर त्या दिवशी तुम्ही याला किती रुपये देणार?"

आम्हाला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. माझ्या चुलत्यांची भागीदारी नेमकी याच ठिकाणी मोडली होती. एका मशीनची किंमत काय धरायची यावरून दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं, ते मी लहानपणी पाहिलंय. म्हणून करारनामा शेवटाकडून सुरू करायचं ठरवलं.

पण हिशोब करायला बसलो की पहिलं अडलं ते निम्म्या-निम्म्यावरच. मित्र दिवसभर मशीनवर उभा राहणार, मी नोकरी सांभाळून संध्याकाळी कोटेशन, बिलं, जीएसटी आणि वसुली बघणार. तो म्हणाला, "भावा, पैसे तुझे जास्त हे मला मान्य आहे. पण घाम माझा जास्त, तो कुठं लिहायचा?" त्याचं म्हणणं खरं होतं. करारात काही लिहिलेलंच नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा सारखा वाटतो, भांडवल कुणाचं किती ते बघत नाही, आणि काम करणाऱ्या भागीदाराला पगारही देत नाही. म्हणजे गप्प बसलो असतो तर दोघांवरही अन्याय झाला असता.

शेवटी तिन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. कामाचा मोबदला म्हणून त्याला महिना २०,००० रुपये. भांडवलावर दोघांना १२ टक्के साधं व्याज, कारण आयकरात भागीदाराला दिलेलं व्याज तेवढ्यापर्यंतच खर्च म्हणून धरतात. आणि उरेल ते निम्मं-निम्मं. वर्षाला ६ लाख उरले असं धरून बघितलं. त्यातून त्याचा मोबदला २,४०,०००, व्याजाचे माझे ७२,००० आणि त्याचे २४,०००. राहिले २,६४,०००, त्यातले प्रत्येकी १,३२,०००. म्हणजे त्याला एकूण ३,९६,००० आणि मला २,०४,०००. हा आकडा कागदावर बघितल्यावर मला क्षणभर कमी वाटला, खोटं बोलत नाही. पण दिवसाचे नऊ तास कुलंटच्या वासात तो उभा राहणार होता, मी नाही. तोट्याच्या वर्षी व्याज कुणालाच नाही आणि तोटा निम्मा-निम्मा, हेही तिथंच लिहिलं.

कामांच्या कलमात वकील मॅडमनी एक गोष्ट घालायला लावली. एका भागीदाराने फर्मच्या नावाने धंद्यासाठी घेतलेली उधारी दोघांच्या डोक्यावर येते, अगदी घरच्या मालमत्तेपर्यंत. म्हणून २५,००० च्या वर कुठलाही माल उधार घ्यायचा किंवा चेक फाडायचा तर दोघांच्या सह्या लागतील असं लिहिलं. त्या म्हणाल्या, "ही मर्यादा तुमच्या दोघांत चालेल, पण ज्याला ती माहीतच नाही अशा दुकानदाराला बांधणार नाही." म्हणून बँकेला आणि नेहमीच्या टूल्सवाल्याला तसं पत्र देऊन पोच घेतली. आमच्या मशीनवर फर्मबाहेरचं जॉबवर्क करायचं नाही, हे वाक्य मित्राने स्वतःहून सुचवलं.

मग बाहेर पडण्याचं कलम. तीन महिन्यांची लेखी सूचना. हिशोब त्या मुदतीच्या शेवटच्या तारखेचा. सगळ्यात जास्त वेळ मशीनच्या किमतीत गेला. वहीत वर्षाला १५ टक्के घसारा धरला तर ५ लाखांची मशीन तीन वर्षांत साधारण ३,०७,००० वर येते. पण चांगला राखलेला जुना लेथ बाजारात त्याहून जास्त किमतीला जातो. सीएंनी उदाहरणादाखल आकडेमोड करून दाखवली: बाजारभाव ४,४०,००० निघाला तर १,३३,००० चा फरक, त्याच्या वाट्याला ६६,५००. वहीची किंमत धरली असती तर हे पैसे गुपचूप माझ्याकडे राहिले असते. म्हणून दोघांनी मिळून निवडलेल्या मूल्यांकनकाराचा बाजारभावच अंतिम.

धंद्याच्या नावाची, म्हणजे गुडविलची, किंमत आम्ही साधी ठेवली: मोबदला आणि व्याज वजा जाता उरणाऱ्या नफ्याची तीन वर्षांची सरासरी, एकपट. वरच्या उदाहरणात ती २,६४,०००, त्याचा निम्मा वाटा १,३२,०००. त्याचे मूळ २ लाख आणि न उचललेला नफा समजा ५०,०००. सगळं मिळून ४,४८,५००. सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी यात धरलीच नाहीत, कारण फाउंड्रीवाल्याकडे अडकलेलं बिल कधी येईल ते कुणी सांगावं! ती वसूल होतील तशी निम्मी त्याला द्यायची. देणंही एकदम नाही, नाहीतर मशीन विकूनच पैसे उभे करावे लागतील. एक तृतीयांश, म्हणजे १,४९,५००, हिशोबावर सह्या होताना आणि उरलेले २,९९,००० बारा हप्त्यांत, ९ टक्के व्याजाने.

एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. भागीदारी फर्मला किमान दोन माणसं लागतात. आम्ही दोघंच, त्यामुळे एक बाहेर पडला की फर्मच संपते. उरलेला धंदा चालवेल, पण एकट्याच्या मालकीचा. फर्मचा पॅन जातो, पाठोपाठ जीएसटी नंबर नवा घ्यावा लागतो आणि प्रत्येक फाउंड्रीत पुरवठादार म्हणून पुन्हा नोंद करावी लागते. तीन महिन्यांची सूचना त्यासाठीच हवी होती. शिवाय जाहीर सूचना निघेपर्यंत बाहेर पडलेल्या माणसाची बाहेरच्या लोकांसमोरची जबाबदारी सुटत नाही. नोंदणीकृत फर्मला त्यासाठी निबंधकाला कळवावं लागतं, राजपत्रात आणि एका मराठी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. तो खर्च निम्मा-निम्मा लिहिला. कुणी दगावला तर वारसांना हाच हिशोब, हेच हप्ते.

वाद झाला तो एकाच ओळीवर. बाहेर पडणाऱ्याने दोन वर्षं कोल्हापुरात लेथचं काम करायचं नाही, असं मसुद्यात होतं. मित्र शांतपणे म्हणाला, "मला दुसरं येतं काय?" मी ती ओळ खोडली. आता एवढंच आहे की एक वर्ष फर्मच्या चालू गिऱ्हाइकांची कामं घ्यायची नाहीत.

८ लाखांच्या भांडवलावर एक टक्का, म्हणजे ८,००० रुपये मुद्रांक शुल्क भरलं, दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या आणि फर्मची नोंदणीही केली, कारण नोंदणी नसेल तर बिल थकवणाऱ्यावर फर्मला दावा लावता येत नाही. कराराला शेवटी एक कोरा तक्ता जोडलाय. दर ३१ मार्चला त्यात मशीनचा बाजारभाव, दोघांची भांडवलं आणि जुनी येणी भरून सह्या करायच्या. पहिली ओळ यंदा भरली. मशीन: ४,९०,०००. तो आकडा मित्राने सांगितला, मी फक्त लिहिला.