फलटण, रात्री

काल तरडगावच्या तळावर जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. आज वीसेक किलोमीटर चाललो, पायांचे फोड फुटले, तरी विचार त्याचाच. लिहून काढल्याशिवाय झोप लागेल असं वाटत नाही.

झालं एवढंच की समाजआरतीच्या वेळी मी शांत झालो. बाकी काही नाही. उजेड दिसला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही, देव भेटला नाही. देव मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. बाबांच्या गुडघ्यांमुळे यंदा दिंडीत त्यांची जागा रिकामी राहिली असती, म्हणून आलो. त्याबद्दल आत्ता नको.

संध्याकाळी तळावर पोचल्यावर आमच्या आधीच्या दिंड्या गोल करून उभ्या होत्या. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, मागे विणेकरी. रथातून उतरवलेली माउलींची पालखी खांद्यांवरून मधल्या मोकळ्या जागेत आली. तोवर सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम चालू असतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. मग चोपदार दंड उंच करतात, 'हो' असा लांब पुकारा होतो आणि हजारो टाळ थांबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, पण त्याचं कारण मला कळतं. प्लांटमध्ये टर्बाइन बंद झालं की अशीच शांतता कानावर आदळते. आवाजाची सवय झालेला कान अचानक रिकामा होतो, यात गूढ काही नाही.

मला जास्त आवडते ती पुढची व्यवस्था. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही. सगळे गप्प असताना एकाच कोपऱ्यातून टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, काय झालं ते विचारून घेतात, सोहळ्याच्या मालकांपुढे ते मांडलं जातं, निवाडा होतो आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि शेवटी आरती. ना अर्ज, ना शिक्का. गप्प राहणं म्हणजे 'आमचं ठीक आहे', वाजवत राहणं म्हणजे 'आमचं ऐका'. ज्याचं दुखतंय तो सगळ्यांना ऐकू येतो आणि त्याचं ऐकल्याशिवाय आरती सुरू होत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली म्हणतात. ते शिंद्यांच्या दरबारातले माणूस, लष्कर हलवणं-थांबवणं पाहिलेले. आमच्याकडे अशी एक सोय असती तर त्या रिपोर्टचं जे झालं ते झालं नसतं. असो.

काल एका दिंडीचे टाळ चालू राहिले. आदल्या मुक्कामी त्यांचा पाण्याचा टँकर उशिरापर्यंत पोचला नव्हता, म्हातारी माणसं तशीच झोपली होती. बोलणी लांबली. आम्ही सगळे उभे. माझ्या पुढच्या टाळकऱ्याने टाळाची दोरी बोटाला गुंडाळली होती, दोरी आणि बोट यांच्यामध्ये चिंधी, आणि त्या चिंधीखालून अंगठ्याच्या बाजूची सोललेली कातडी दिसत होती. आमच्या पखवाजाच्या धुम्यावरची कणीक कडेला वाळून तडकली होती आणि पखवाजवाले काका नखाने ती खरवडत होते. मला हे सगळं दिसत होतं, आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आतलं थांबलंय.

आतलं म्हणजे काय, ते नीट लिहायला हवं. माझ्या डोक्यात एक हिशेब कायम चालू असतो. काय राहिलं, कोण काय बोललं, आपण काय उत्तर द्यायला हवं होतं. रात्री दोनला जाग आली तरी तो चालूच असतो. वारीतही चालू होता; दिवेघाट चढताना मी मनातल्या मनात साहेबांशी भांडत होतो. काल तो नव्हता. कोणी बंद केला नाही, मीही केला नाही. टाळ वाजत होते, पाय ठणकत होते, आरतीची वाट पाहायची होती आणि मला कशाचीही घाई नव्हती.

आज दिवसभर कारणं लावून पाहिली. आवाज थांबल्याचा परिणाम म्हणावं, तर आवाज थांबलाच नव्हता, टाळ चालू होते. चालण्याच्या लयीमुळे म्हणावं, तर बराच वेळ मी एका जागी उभा होतो. थकवा? शटडाउनच्या दिवसांत सलग दोन-दोन पाळ्या केल्यात, थकल्यावर माझं डोकं जास्तच फिरतं. गर्दीत माणूस वाहून जातो म्हणावं, तर गर्दी काल वैतागून उभी होती, मागे कोणीतरी टँकरवाल्याला मोजक्या शब्दांत आशीर्वाद देत होतं. आणि मी गुंगीत नव्हतो. मागच्या जनरेटरचं बेअरिंग जायला आलंय हे मला तेव्हाही आवाजावरून कळत होतं.

टर्बाइनसारखं वेगाने फिरणारं यंत्र बंद केलं की ते सरळ शांत होत नाही. वेग उतरताना त्याला क्रिटिकल स्पीड ओलांडावी लागते, तिथे कंपन वाढतं, कधी चालू असतानापेक्षा जास्त. मग ते पार झालं की बसतं. सुट्टीवर गेलो की माझं असंच होतं, पहिले दिवस जास्त वाईट. काल मधली थरथर नव्हतीच. याचंच नवल वाटतंय, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही.

आज संध्याकाळी विमानतळावरच्या तळावर मुद्दाम त्याच टाळकऱ्याच्या मागे उभा राहिलो. दंड वर गेला, टाळ थांबले, तक्रार कोणाची नव्हती, आरती झाली. हिशेब चालूच. मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांत एकदा मिळालं तेही एवढंसं, आणि बाकीच्यांना रोज मिळत असणार असं वाटून सगळ्या दिंडीचा राग आला. तंबूत येऊन जेवलो नाही. विणेकरी बाबा ताट घेऊन आले, शेजारी बसले. काय झालं ते विचारलं नाही. त्यांना मीच विचारलं, बाबा, तुम्हाला रोज शांत वाटतं का? म्हणाले, "रोज कुठलं रे माउली! मला तर निम्मी वाट घरच्या बोअरचीच काळजी असते." भात संपेपर्यंत बसून राहिले.

त्यानंतर जरा बरं वाटलं. यंत्रावर एकदाच उसळी दिसली आणि पुन्हा आली नाही, तर शिकाऊ पोरं ती चुकीची नोंद म्हणून खोडतात. मी त्यांना खोडू देत नाही. वेळ, लोड, तापमान लिहायचं, कारण कळलं नाही तर तो रकाना कोरा ठेवायचा, पण नोंद ठेवायची. म्हणून कालचं इथे लिहिलंय: तरडगाव, दिवस मावळताना, एका दिंडीचे टाळ चालू. देवाचं नाव मी त्या रकान्यात लिहिणार नाही. थकवा हेही लिहिणार नाही, कारण ते खरं नाही.

उद्या बरडचा मुक्काम. पहाटे काकड्याला उठायचंय, त्याआधी फोडांवर पट्टी बांधायला हवी. बाबांचा फोन सकाळी येईल. पाय कसे आहेत ते विचारतील, टँकरचं काय झालं ते विचारतील, ते सगळं सांगेन. हे सांगायचं का, अजून ठरत नाही.