रक्तदान शिबिराला स्वयंसेवक मागितले, आणि 'नाही' म्हणायची जागा ठेवायला नऊ दिवस भांडले

आमच्या प्लांटमध्ये 1 ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनाला, शिबिर असतं. रक्तपेढीची टीम येते, डॉक्टर त्यांचे, पिशव्या त्यांच्या, कॉट पण त्यांच्याच. आपल्याकडून लागतात फक्त माणसं, नोंदणीला, रांगेला, चहा-बिस्किटाला. यावेळी ते माझ्याकडे आलं. मी क्वालिटीत आहे, शिबिर वगैरे माझं काम नाही, पण मागच्या वर्षी जे झालं ते बघून मीच म्हटलं होतं की स्वयंसेवक मी बघते.

मागच्या वर्षी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज आला, "शिबिरासाठी थोडा वेळ द्यायचा आहे, इच्छुकांनी नावं द्या". मग हेडनी आपापल्या लोकांची नावं स्वतःच लिहून दिली. यादीत 26 जण, प्रत्यक्ष आले 11. आणि त्या 11 जणांचा 'थोडा वेळ' संपला सव्वाचारला. आमची फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते आणि बस पण साडेतीनलाच निघते. डिस्पॅचचा एक मुलगा टेबलं उचलत बसला, बस गेली, घरी लहान बाळ, बायको फोनवर फोन करतेय. त्याचा चेहरा मला वर्षभर आठवत होता. तो मला एवढंच म्हणाला, "ताई, आधी सांगितलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो." पण त्याला विचारलंच कुणी नव्हतं ना.

म्हणून यावेळी मी आधी वेळेचा हिशोब केला. शिबिर साडेनऊ ते दीड. पण दीडला शेवटची नोंदणी होते, त्या माणसाचं रक्त घेऊन होईपर्यंत आणि नंतर त्याला थोडं पडू देऊन, खायला-प्यायला घालून, दोन वाजतात. सकाळी टेबल लावायला अर्धा तास आधी यायला लागतं. म्हणजे खरी वेळ नऊ ते दोन, पाच तास, आणि पाच तास एकाच माणसाला उभं करायचं नाही. दोन पाळ्या केल्या, नऊ ते साडेअकरा आणि सव्वाअकरा ते दोन. मधली पंधरा मिनिटं काम समजावून सोपवायला. प्रत्येक पाळीत नोंदणीला दोघं, रांग आणि वजनकाट्यापाशी एक, कॉटजवळ दोघं, चहाला दोघं. सात-सात चौदा, वर दोन राखीव. दोननंतरची आवराआवर हाऊसकीपिंगकडे, हे अॅडमिनकडून आधीच लेखी घेतलं, कारण मागच्या वेळी सगळा घोळ तिथेच झालेला. दुसऱ्या पाळीच्या लोकांचं जेवण मधे अडकतं म्हणून कँटीनवाल्या दादांना सांगून त्यांच्यासाठी पावणेअकराला ताट लावायचं ठरवलं. हे सगळं दोन दिवसांत झालं, काहीच त्रास नाही.

त्रास झाला फॉर्मला.

मी गूगल फॉर्म केला. पहिलाच प्रश्न, जमेल का? उत्तरं तीन: सकाळची पाळी, दुपारची पाळी, यावेळी नको. 'नको' दाबलं की फॉर्म तिथेच संपतो (`Go to section based on answer` चालू करून त्या उत्तराला `Submit form` द्यायचं), आणि नाव-डिपार्टमेंट विचारणारा भाग फक्त 'हो' वाल्यांनाच दिसतो. म्हणजे कोणी नको म्हटलं ते मलाही कळत नाही. मुद्दामच तसं केलं होतं.

मंजुरीला पाठवला तर एचआरच्या मॅडमनी परत पाठवला. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. नाव सगळ्यांचंच हवं. 'नको' म्हणणाऱ्याने कारण लिहायचं, आणि तो रकाना `Required`. आणि यादी सगळ्या हेडना कॉपी. मॅडम वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटत होतं की कारण विचारलं नाही तर कुणी मनावर घेणारच नाही. पण मी ते वाचून इतकी चिडले की त्या दिवशी उत्तरच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिहिलं की कारणाचा रकाना काढूया. उत्तर आलं, ठीक, पण मग प्रत्येक डिपार्टमेंटमधून किमान दोन नावं कंपल्सरी करा. मी म्हटलं कंपल्सरी केलं तर ते स्वयंसेवक कसे, ती ड्युटी झाली, मग ड्युटी म्हणूनच लावा ना, निदान खरं तरी बोललं जाईल. यावर तीन दिवस उत्तर नाही. मग म्हणे प्लांट हेडना विचारते. मग शनिवार-रविवार. मी रोज सकाळी मेल उघडून बघायचे आणि दिवसभर तेच डोक्यात.

नवव्या दिवशी मी मेल सोडून त्यांच्या केबिनला गेले. म्हटलं, मॅडम, समजा एखादीला नुकतेच दिवस गेलेत, तिने घरात सासूलाही सांगितलेलं नाही, तिला अडीच तास उभं राहायचं नाहीये. ती तुमच्या रकान्यात काय लिहील? खोटं लिहील किंवा 'हो' लिहून त्या दिवशी रजा टाकेल. कुणाचं हिमोग्लोबिन कमी असतं, कुणी बीपीच्या गोळ्या घेतो, कुणाचा कसला औषधोपचार चालू असतो, आणि हे शिबिर रक्ताचंच असल्यामुळे लोक कारणात हेच लिहिणार आणि ते सगळ्या हेडच्या मेलवर जाणार. मॅडम गप्प बसल्या. मग मागच्या वर्षीचे 26 आणि 11 हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवले. 'नाही' म्हणायला जागा नव्हती म्हणून 26 होते, मला त्यापेक्षा 16 खरे द्या. त्यांनी रकाना काढला, नाव काढलं, किमान दोनची अटही काढली. मी बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते पण इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मेसेज असा गेला, शब्दशः देते, कुणाला वापरायचा तर वापरा:

"1 ऑक्टोबरच्या रक्तदान शिबिरात मदतीला 16 जण हवे आहेत. पाळ्या दोन: सकाळी 9 ते 11:30, किंवा 11:15 ते 2. यात तयारी आणि काम समजावणं धरलं आहे, याशिवाय एकही मिनिट लागणार नाही. ही वेळ ड्युटीत धरली जाईल, लाइनवर बदली माणसाचं सुपरवायझरशी बोलणं झालं आहे. 3:30 ची बस चुकणार नाही. स्वयंसेवक होण्यासाठी रक्त द्यावं लागत नाही. जमत नसेल तर 'यावेळी नको' दाबा, नाव-कारण काही विचारलं जाणार नाही. काहीच उत्तर दिलं नाही तरी चालेल, ते 'नाही' धरू. 'हो' म्हणून नंतर जमेना झालं तर आदल्या संध्याकाळी 6 पर्यंत मला एक मेसेज करा, पुरे."

यातलं 'रक्त द्यावं लागत नाही' हे वाक्य मी शेवटच्या क्षणी घातलं, आणि तेच सगळ्यात कामी आलं. असेंब्लीतल्या दोन ताई नंतर म्हणाल्या की गेल्या तीन वर्षांत त्या पुढे आल्या नाहीत कारण त्यांना वाटायचं टेबलावर बसलं की शेवटी आपल्यालाही झोपवतील, आणि त्यांचं वजनच 45 किलो भरत नाही, त्यामुळे तसंही रक्त घेतलं नसतं. एक ताई नोंदणीला इतकी छान बसली की रक्तपेढीच्या लोकांनी तिला विचारून फॉर्म लावले.

लाइनवरच्या बदलीचं मात्र आधी बोलून घ्या. मेसेज टाकून मग सुपरवायझरला विचारलं तर तो माणसाला अडवतो, आणि वाईटपणा त्या माणसाला येतो. मी आधी चारही सुपरवायझरकडे जाऊन बोलले, एकाच्या लाइनवरून एका पाळीत दोनच माणसं निघतील असं तो म्हणाला, तर मी तेवढंच धरलं.

आणि हो, फॉर्ममध्ये `View results summary` बंद ठेवा, नाहीतर भरणाऱ्यालाही सगळी उत्तरं दिसतात. `Limit to 1 response` पण बंद, त्याला गूगलचं लॉगिन लागतं आणि शॉप फ्लोअरवर बरेच जण तिथेच अडकून सोडून देतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पोल घेऊ नका, आमच्याकडे मेंटेनन्सने पूर्वी घेतलेला, त्यात कोणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसत होतं, मग कोण दाबेल 'नाही'?

मेंटेनन्सचं आठवलं म्हणून, यावेळीही तिथे गडबड झालीच. त्यांच्या हेडनी माझा मेसेज पुढे पाठवताना वर एक ओळ जोडली, "सर्वांनी सहभागी व्हावे ही अपेक्षा". दहा मिनिटांत पाच 'हो' आले. एवढ्या पटापट, ते पण एकाच डिपार्टमेंटचे, तेव्हाच समजलं. मी पाचही जणांना वेगवेगळा फोन केला, म्हटलं साहेबांचं सोडा, तुम्हाला जमणार आहे का, नाव काढायचं असेल तर आत्ता काढते, साहेबांना यादी जात नाही. दोघांनी नाव काढलं. त्यातला एक म्हणाला त्या दिवशी त्याच्या वडिलांना डोळ्याच्या तपासणीला न्यायचंय. हे तो ग्रुपवर कधीच बोलला नसता.

आठवण करून देणारा मेसेज फक्त 'हो' वाल्यांना पाठवला, आदल्या दिवशी सकाळी. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना पुन्हा विचारलं नाही, एकदाही नाही. मॅडम म्हणाल्या होत्या अजून एक रिमाइंडर टाका, पण मेसेजमध्येच लिहिलंय की उत्तर न देणं म्हणजे 'नाही', मग परत विचारायचं कशाला?

एकूण 19 'हो' आले होते, दोन गेले, 17 राहिले. आदल्या संध्याकाळी एकाने "जमत नाही" एवढंच लिहिलं, मी "कळवलंत बरं झालं, नाव काढलं" एवढंच उत्तर दिलं. का, काय झालं, विचारलं नाही. विचारावंसं वाटतं, पण विचारलं की पुढचा माणूस कळवतच नाही, सरळ गैरहजर राहतो. सकाळी सातला एकीचा ताप आल्याचा फोन आला. प्रत्यक्ष 15 जण होते, लागणार होते 14. जादाचा एक जण दहाला परत लाइनवर गेला. दोन वाजून पाच मिनिटांनी सगळे मोकळे, आणि साडेतीनच्या बसमध्ये सगळे होते, मी स्वतः गेटवर उभी राहून बघितलं.

डिस्पॅचच्या त्या मुलाचं नाव यादीत नव्हतं. त्याने 'नको' दाबलं की उत्तरच दिलं नाही, माहीत नाही, कळायची सोयच ठेवली नव्हती. दुपारी बाराला रक्त द्यायला मात्र आला, बिस्किट खाल्लं आणि गेला.

एक गोष्ट राहिली. नाइट शिफ्टवाल्यांना मेसेज दुपारी गेला तेव्हा ते झोपलेले, संध्याकाळपर्यंत सकाळची पाळी भरलेली होती. रात्रभर काम केलेल्याने सकाळी उभं राहू नये हे खरं, पण त्या आठवड्यात नाइटला असलेले 1 तारखेला दिवसपाळीत होते, त्यांना यायचं होतं. पुढच्या वेळी टाइम ऑफिसपाशी एक बंद पेटी आणि छापील चिठ्ठ्या ठेवणार आहे, त्याच तीन खुणांच्या, आणि पाळ्या भरायच्या त्या चिठ्ठ्या उघडल्यावरच. पेटीची चावी माझ्याकडे राहील असं मॅडमकडून आत्ताच लिहून घेतलंय.